इसार दिला, पण मालक फिरला. कोर्ट प्लॉट देईल की पैसे?

समजा, सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्याने १४ हजार रुपये क्विंटल दराने १०० क्विंटल हळद देण्याचा करार केला. माल द्यायच्या दिवशी भाव १६,५०० झाला आणि त्याने हात वर केले. खरेदीदाराला हळद शेजारच्या गाळ्यातही मिळते. त्याचा तोटा क्विंटलमागे २,५०० रुपये, म्हणजे एकूण अडीच लाख. करार कायद्याच्या कलम ७३ नुसार तेवढी भरपाई मिळाली की प्रश्न सुटतो. त्याच व्यापाऱ्याची हळद कोर्टाने ओढून आणायची गरज उरत नाही.

मग पैसे कुठे पुरत नाहीत?

आता विश्रामबागेतला एक प्लॉट घ्या. किंमत ३० लाख, साठेखत झालं, ५ लाख इसार दिला. वर्षभरात भाव ४२ लाखांवर गेला आणि मालक खरेदीखताला येईना. तसाच दुसरा प्लॉट बाजारात मिळत नाही. म्हणून इथे 'ठरलं तेच करून द्या' असा आदेश मागता येतो. याला कराराची विशिष्ट पूर्तता म्हणतात. आदेशानंतरही मालकाने सही केली नाही, तर कोर्ट स्वतः त्याच्या वतीने खरेदीखत करून देतं.

कोर्ट हात आखडता का घेत होतं?

पैशाचा निकाल एकदा दिला की विषय संपतो. माणसाकडून काम करून घेणं मात्र रोज बघावं लागतं. नाट्यपंढरी सांगलीत एखाद्या नटाने प्रयोगाला नकार दिला, तर आदेशाने त्याला रंगमंचावर उभं करता येईल, पण भूमिका कशी वठवणार? असे वैयक्तिक कौशल्याचे आणि सतत देखरेख लागणारे करार आजही सक्तीने पूर्ण करून घेता येत नाहीत.

१९६३ च्या कायद्यात, पैशाने भागत असेल तर पैसेच, हा नियम होता. बाकीच्या प्रकरणांतही आदेश द्यायचा की नाही, हे न्यायाधीश ठरवत. १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ही मोकळीक काढली. आता कायद्यातले अपवाद सोडले, तर पूर्ततेचा आदेश हाच नियम आहे.

तरीही दावे कुठे फसतात?

बहुतेकदा खरेदीदाराच्या तयारीवर. उरलेले २५ लाख द्यायला तो पहिल्यापासून तयार होता का, हे कोर्ट बघतं. बँकेचं पासबुक, कर्जमंजुरीचं पत्र, 'खरेदीखत करून द्या' अशी लेखी नोटीस, हे नसेल तर नुसतं 'मी तयार होतो' म्हणून भागत नाही.

दुसरी चूक उशिराची. करारात ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. तारीखच ठरली नसेल, तर मालकाने नकार दिल्याचं कळलं तेव्हापासून.

तिसरी चूक अर्जातली. प्लॉट मिळाला नाही तर इसार परत आणि भरपाई द्या, अशी पर्यायी मागणी दाव्यात लिहावी लागते. जे मागितलंच नाही, ते कोर्ट आपणहून देत नाही.