विश्लेषण : ‘ग्राहकाने नाकारले’, पण खरेच कोणी नाकारले?

उल्हासनगर ते बदलापूर हे लोकलने जेमतेम पाव तासाचे अंतर. तरीही कॅम्प ५ मधून निघालेले जीन्सचे पार्सल बदलापूरच्या ग्राहकाच्या हाती न पडता दहा-बारा दिवसांनी विक्रेत्याच्या दुकानी परत येते. त्यावर शेरा असतो, ‘ग्राहकाने नाकारले’. ग्राहकाला फोन केला तर तो सांगतो, ‘माझ्याकडे कोणी आलेच नाही.’ घरपोच माल देऊन रोख घेण्याच्या, म्हणजेच कॅश ऑन डिलिव्हरीच्या धंद्यात उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरमधील छोट्या विक्रेत्यांचा नफा या एका शेऱ्यात अडकलेला असतो. तो शेरा पुराव्याशिवाय मान्य करायचा की नाही, हा खरा प्रश्न आहे.

परत आलेले पार्सल किती महाग पडते?

कुरियरच्या भाषेत परत येणाऱ्या पार्सलला ‘आरटीओ’ म्हणतात. त्याचा वाहन परवान्याच्या कार्यालयाशी संबंध नाही. ‘रिटर्न टू ओरिजिन’ म्हणजे जिथून निघाले तिथे परत. या प्रवासाचे भाडे विक्रेताच भरतो, जातानाचेही आणि येतानाचेही.

एक उदाहरण मांडून पाहू. समजा, एक विक्रेता इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून ६९९ रुपयांची जीन्स विकतो. जीन्स त्याला ४३० रुपयांना पडते. पिशवी आणि लेबलचे १२ रुपये, कुरियरचे ७० रुपये आणि रोख गोळा करण्याचे ३५ रुपये. ग्राहकाने माल घेतला तर हाती १५२ रुपये उरतात. माल परत आला तर पिशवीचे १२, जाण्याचे ७० आणि येण्याचे ६५ असे १४७ रुपये जातात. म्हणजे एका विक्रीचा नफा एक परत आलेले पार्सल जवळजवळ पूर्ण खाते.

आठवड्याला १०० ऑर्डर आल्या, सगळ्या पाठवल्या आणि त्यातली ३० पार्सले परत आली असे धरू. ७० विक्रींचे १०,६४० रुपये मिळाले, परतीत ४,४१० रुपये गेले. परत आलेल्या ३० पैकी ३ जीन्स मळलेल्या किंवा बदललेल्या निघाल्या, त्यांचे १,२९० रुपये गेले. जाहिरातीवर ४,००० रुपये खर्च झाले होते. शेवटी उरले ९४० रुपये. आठवडाभर शिलाई, पॅकिंग आणि फोन करून ही कमाई.

आता त्या १०० पैकी १२ ऑर्डर खोट्या किंवा सहज टाकलेल्या होत्या आणि त्या पाठवण्याआधीच ओळखल्या गेल्या, असे समजू. ८८ पार्सले गेली, विक्री तीच ७० झाली, परत आली १८ आणि खराब निघाल्या २ जीन्स. नफा ३,१३४ रुपये. एकही जादा जीन्स न विकता कमाई तिपटीहून वाढली. म्हणून विक्री वाढवण्याआधी परती कमी करणे हाच स्वस्त उपाय ठरतो.

‘नकार’ येतो कुठून?

नकाराचे दोन वेगळे प्रकार आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. पहिला नकार ग्राहकाचा. रात्री मोबाइलवर जाहिरात दिसली, पैसे आधी भरायचे नाहीत, म्हणून ऑर्डर टाकली आणि सकाळी विचार बदलला. कोणी एकच वस्तू दोन ठिकाणी मागवतो आणि जी आधी येईल ती घेतो. कोणी दुसऱ्याच्या नावाने खोडसाळपणाही करतो.

दुसरा नकार कागदावरचा. डिलिव्हरी बॉयकडे त्या दिवशी वाटायची पार्सले जास्त असतात, पत्ता सापडत नाही किंवा दार बंद असते. संध्याकाळी हबवर हिशेब देताना प्रत्येक न दिलेल्या पार्सलला कारण लिहावेच लागते. ‘ग्राहकाने नाकारले’ लिहिले की पुन्हा जावे लागत नाही आणि पार्सल परतीच्या वाटेला लागते.

या पट्ट्यात दुसरा प्रकार घडायला जागाही आहे. उल्हासनगर फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांसाठी लष्करी छावणीत वसले. आजही अनेक पत्ते बॅरेक नंबर, ब्लॉक आणि सेक्शन असे लिहिले जातात. नवख्या मुलाला त्यातून घर सापडत नाही. बदलापूरमध्ये पूर्व आणि पश्चिम दोन्हीकडे ४२१५०३ हाच पिनकोड लिहिला जातो. पत्त्यात ‘पूर्व’ की ‘पश्चिम’ नसेल तर पार्सल रुळांच्या चुकीच्या बाजूला फिरते. शिवाय इथली कितीतरी माणसे सकाळच्या लोकलने मुंबई-ठाण्याकडे निघतात आणि रात्री परततात. अंबरनाथच्या एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्यांचेही तसेच. दुपारी दोन वाजता वाजलेल्या बेलला उत्तर मिळत नाही, याचा अर्थ माल नको असा होत नाही.

खोटा शेरा ओळखायचा कसा?

ट्रॅकिंगमधल्या वेळा नीट पाहिल्या तर बरेच कळते. पार्सल ‘डिलिव्हरीसाठी बाहेर’ पडल्यावर अर्ध्या तासात नकाराचा शेरा पडला असेल, तर संशयाला जागा आहे. एकाच भागातल्या पाच-सहा पार्सलांना रात्री आठ-साडेआठच्या सुमारास काही मिनिटांत एकच शेरा लागला असेल, तर तो दारात नव्हे, हबवर बसून लावलेला असण्याची शक्यता जास्त. तिसरी खूण ग्राहकाच्या फोनमध्ये असते. त्या दिवशी अनोळखी नंबरवरून एकही कॉल आलेला नसेल, तर त्या स्क्रीनचा फोटो मागवावा.

वेळ महत्त्वाची आहे. शेरा पडल्यावर पुन्हा प्रयत्न मागण्यासाठी विक्रेत्याकडे साधारण एक-दोन दिवसच असतात, नंतर पार्सल आपोआप परत फिरते. म्हणून रोज सकाळी न पोहोचलेल्या पार्सलांची यादी उघडावी, त्याच दिवशी ग्राहकाशी बोलावे आणि संध्याकाळची वेळ, जवळची खूण व दुसरा फोन नंबर टाकून पुन्हा पाठवायला सांगावे. अनेक कुरियर कंपन्यांकडे आता ओटीपीने खात्री केलेला नकार नोंदवण्याची सोय आहे. ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला तरच ‘नाकारले’ ग्राह्य धरायचे. करार करताना ही सोय लेखी मागून घ्यावी.

पाठवण्याआधी काय करता येईल?

ग्राहकाच्या मनातल्या नकारावर उपाय पार्सल निघण्याआधीच करावा लागतो. ऑर्डर आल्यावर तासाभरात एक साधा संदेश जावा : ‘निळी जीन्स, कंबर ३४, किंमत ६९९ रुपये, रोख. बुधवार ते शुक्रवार पोहोचेल. हवी असल्यास १ पाठवा, रद्द करायची असल्यास २.’ उत्तर नाही आले तर एक फोन करावा. तोही उचलला नाही तर पार्सल एक दिवस थांबवावे. रद्द करणे सोपे ठेवले की विक्री जाते, अशी भीती अनेकांना वाटते. पण जो २ दाबतो तो दारात नाही म्हणणारच होता. त्याने १४७ रुपये वाचवलेले असतात.

दुसरा उपाय म्हणजे थोडी आगाऊ रक्कम. ४९ किंवा ९९ रुपये यूपीआयने आणि उरलेले दारात रोख. ज्याने ४९ रुपये भरले तो सहसा दार उघडतो. याला मर्यादाही आहे. अनोळखी पेजवर पैसे बुडतील या भीतीनेच माणसे रोखीचा पर्याय निवडतात, त्यामुळे सरसकट आगाऊ मागितल्यास खरे ग्राहकही गळतात. नवा नंबर, अर्धवट पत्ता किंवा मोठी रक्कम असेल तिथेच ही अट ठेवणे शहाणपणाचे.

रोखीसाठी जादा शुल्क घ्यायचे असेल तर ते किमतीबरोबर सुरुवातीलाच दिसले पाहिजे. शेवटच्या पानावर अचानक आकार वाढवणे हे ३० नोव्हेंबर २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’विषयक केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत मोडते. माल नाकारणाऱ्यांचे नाव-नंबर व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर फिरवणेही चूक आहे. आपल्या वहीत नोंद ठेवावी, गावभर दवंडी पिटू नये. नकार खोटा असेल तर बदनामी निरपराध ग्राहकाची होते.

विकलेल्या मालाचे पैसे कुठे अडकतात?

ग्राहकाने ६९९ रुपये दिले तरी ते विक्रेत्याचे लगेच होत नाहीत. रक्कम हबवर जमा होते, तिथून कंपनीच्या बँकेत जाते आणि ठरलेल्या वारी, साधारण डिलिव्हरीनंतर आठवडाभराने, शुल्क कापून विक्रेत्याच्या खात्यात येते. सुट्टी आली की वार पुढे जातो. वरच्या उदाहरणात रोज सरासरी १० जीन्स पोहोचतात, म्हणजे ६,९९० रुपये. पैसे दहाव्या दिवशी मिळत असतील तर जवळपास ७० हजार रुपये कायम दुसऱ्याकडे पडून असतात. कापडवाला मात्र तितका थांबत नाही.

ऑनलाइन भरलेल्या पैशांबाबत नियम आहेत. रिझर्व्ह बँकेने १७ मार्च २०२० रोजी पेमेंट अ‍ॅग्रीगेटरसाठी काढलेल्या सूचनांत ग्राहकाची रक्कम बँकेच्या एस्क्रो खात्यात वेगळी ठेवण्याचे आणि ठरावीक मुदतीत व्यापाऱ्याला देण्याचे बंधन घातले. त्या सूचनांतून कॅश ऑन डिलिव्हरी वगळण्यात आली. त्यामुळे रोखीचे पैसे किती दिवसांत मिळतील, याचे उत्तर मुख्यतः कुरियरशी झालेल्या करारातच शोधावे लागते आणि तो करार अनेक जण न वाचता ‘मान्य’ करतात.

लवकर पैसे देण्याची योजनाही मिळते. तिचे शुल्क दीड टक्का असेल आणि पैसे सहा दिवस आधी मिळत असतील, तर ते महिन्याला साडेसात टक्के व्याज झाले. कापडाअभावी मशीन बंद पडणार असेल तेव्हा ते परवडेल. नेहमीची सवय म्हणून नाही.

दर आठवड्याला एक साधा तक्ता भरला तर गळती दिसते. ट्रॅकिंग नंबर, डिलिव्हरीची तारीख, घेतलेली रक्कम, कापलेले शुल्क आणि बँकेचा यूटीआर क्रमांक. डिलिव्हरी होऊन दहा दिवस झाले आणि यूटीआरचा रकाना रिकामा असेल, तर त्याच दिवशी लेखी तक्रार करावी. कापलेले शुल्क अपेक्षेपेक्षा जास्त दिसले तर बहुधा वजनाचा वाद असतो. हलक्या पण फुगीर पार्सलाचे लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात आणि येणारे किलोचे वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर तेच धरले जाते. म्हणून पॅकिंग करताना वजनकाट्यावरचा आणि मोजपट्टीसह असे दोन फोटो ठेवावेत. परतीचे पार्सल उघडतानाही लेबल दिसेल असा सलग व्हिडिओ काढावा. बदललेल्या मालाचा दावा त्याशिवाय टिकत नाही.

कॅश ऑन डिलिव्हरी बंद करा, हा सल्ला या पट्ट्यातील छोट्या विक्रेत्यांच्या कामाचा नाही. त्यांच्या नावावर अजून ग्राहकाचा तेवढा विश्वास बसलेला नाही. पण जोखीम एकट्या विक्रेत्याने उचलायची, हेही न्याय्य नाही. दारात घेतलेल्या रोखीला ठरलेली मुदत आणि दारातल्या नकाराला ओटीपीचा पुरावा, या दोन अटी कुरियर कंपन्यांनी करारातच लिहून द्यायला हव्यात. एकट्या विक्रेत्याचे कोणी ऐकणार नाही. महिन्याला हजारो पार्सले देणाऱ्या उल्हासनगरच्या बाजारातील विक्रेत्यांनी एकत्र येऊन त्या मागितल्या, तर ऐकावे लागेल.