नोकरीपूर्व प्रश्नावली आणि घरच्या दुकानाचा अनुभव

मुलाखतीस बोलाविण्यापूर्वी काही कंपन्या उमेदवारास लेखी प्रश्न पाठवितात: आपली बलस्थाने कोणती, पुढील उद्दिष्ट काय आणि हेच पद का हवे? पुढे मुलाखतीत याच उत्तरांवरून विचारणा होते. म्हणून लिहिलेले प्रत्येक वाक्य तोंडी निभावता आले पाहिजे.

समजा, सातपाटीतील किराणा दुकानदाराचा वाणिज्य पदवीधर मुलगा तारापूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात वसुली विभागाच्या सहायकपदासाठी अर्ज करीत आहे. बलस्थाने म्हणून तो प्रथम लिहितो, ‘मी मेहनती व प्रामाणिक आहे.’ हे वाक्य कोणत्याही अर्जात शोभेल. त्यातून त्याची ओळख पटत नाही. वस्तुतः सांगण्यासारखे त्याच्याजवळ पुष्कळ आहे. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा गावातील उधारी वाढते आणि होड्या पुन्हा समुद्रात गेल्या की वसुलीस आरंभ होतो. ती खाती तोच सांभाळतो. तेव्हा त्याने लिहावे:

‘तीन वर्षे घरच्या दुकानातील सुमारे ऐंशी उधारी खाती सांभाळली. पावसाळ्यातील बाकी हप्ते ठरवून दिवाळीपर्यंत वसूल करतो. गेल्या वर्षी सहा खाती राहिली. टॅलीत नोंदी करता येतात. कंपन्यांकडील वसुलीचा अनुभव नाही.’

राहिलेली सहा खाती आणि नसलेला अनुभव सांगितल्याने उरलेले आकडे विश्वसनीय ठरतात. येथे ‘व्यवस्थापक’ असे पदनाम मात्र लावू नये. वेतनपत्रक किंवा नेमणूकपत्र मागितले जाताच ते उघडे पडते. ‘घरच्या दुकानात’ हे शब्दच पुरेसे आहेत.

व्यापारी घरातील उमेदवार खरा अडखळतो तो उद्दिष्टाच्या प्रश्नाशी. वर्षभरात दुकान सांभाळण्यास परतावयाचे ठरले असताना ‘पाच वर्षे येथेच राहीन’ असे लिहिणे म्हणजे खोटा वायदा होय. नवा माणूस शिकविण्याचा कंपनीचा खर्च त्यात बुडतो. यास्तव उत्तर लिहिण्यापूर्वी घरात वडीलधाऱ्यांशी हा विषय स्पष्ट व्हावा. निर्णय झाला नसेल, तर निश्चित असेल तेवढेच लिहावे: ‘पहिल्या दोन वर्षांत कंपन्यांची देयके, जुळवणी व वसुली स्वतंत्रपणे करण्याइतपत शिकावयाचे आहे.’

तिसऱ्या उत्तरात कंपनीची स्तुती नको. जाहिरातीतील एक काम निवडून ते आपल्या कामाशी जोडावे: ‘जाहिरातीत थकबाकीचा मासिक तक्ता करण्याचे काम आहे; तसा तक्ता मी दुकानासाठी करतो. सातपाटीहून पालघरमार्गे बोईसरला रोज येणे शक्य आहे; रात्रपाळी जमणार नाही.’ ही अडचण आधीच कळली, तर उभयतांचा वेळ वाचतो.

प्रत्येक उत्तर चार-पाच वाक्यांत संपावे. पाठविण्यापूर्वी घरातील कोणी ते वाचून प्रत्येक वाक्यावर ‘हे केव्हा केलेस?’ असे विचारावे. ज्या वाक्यास उत्तर मिळणार नाही, ते खोडावे.