इंग्रजीचा अभ्यास : ‘स्टोन वॉल’ आणि ‘रेल्वे स्टेशन’

‘रेल्वेचे स्थानक’ यातील ‘चे’ इंग्रजीत कोठे जातो, असा प्रश्न अभ्यासकाला पडतो. त्याचे उत्तर मराठी व्याकरणातच आहे. पोळीसाठी पाट तो ‘पोळपाट’, देवासाठी घर ते ‘देवघर’. तत्पुरुष समासात मधला प्रत्यय वा शब्द गळतो आणि दुसरे पद प्रधान ठरते. ‘रेल्वे स्टेशन’ची घडण अशीच आहे. येथे मालकी सांगायची नसून स्थानकाचा प्रकार सांगायचा आहे. म्हणून षष्ठीचा प्रत्यय लागत नाही.

मुख्य वस्तू शेवटच्या शब्दात असते. ‘मिल्क चॉकलेट’ हे चॉकलेट, तर ‘चॉकलेट मिल्क’ हे दूध. शब्दांची साखळी लांबली तरी नियम तोच. ‘टेम्पल लायब्ररी बुक लिस्ट’ शेवटाकडून वाचावे : यादी, कशाची? पुस्तकांची, कोठल्या पुस्तकांची? ग्रंथालयातील, कोठले ग्रंथालय? मंदिराचे.

या यादीत पुस्तके अनेक असूनही शब्द ‘बुक’ असाच राहिला. पहिले नाम विशेषणाचे काम करते, आणि इंग्रजी विशेषणाला अनेकवचन नसते. म्हणून अनेक जोडे विकणारे दुकानही ‘शू शॉप’च. संख्या आली की चूक हमखास होते. दशलक्षण पर्वाच्या इंग्रजी पत्रिकेत ‘टेन-डेज फेस्टिव्हल’ असे न छापता ‘टेन-डे फेस्टिव्हल’ असे छापावे, आणि ‘टेन’ व ‘डे’ यांच्यामध्ये छोटी जोडरेघ द्यावी. मात्र ‘पर्व दहा दिवस चालते’ अशा वाक्यात संख्या नामामागे चिकटलेली नसते. तेथे ‘टेन डेज’ हेच योग्य. ‘स्पोर्ट्‌स डे’, ‘क्लोद्‌स शॉप’, ‘सेव्हिंग्ज अकाउंट’ असे रूढ अपवाद तेवढे लक्षात ठेवावेत.

आता ‘स्टोन वॉल’. मराठीत दगडापासून ‘दगडी’ होते, म्हणून अभ्यासक ‘स्टोनी वॉल’ लिहून मोकळा होतो. पण ‘स्टोनी’ म्हणजे खडकाळ. तो शब्द जमिनीला वा वाटेला शोभतो. भिंत ज्या पदार्थाची, त्याचे नाम तसेच पुढे ठेवावे. ‘गोल्ड रिंग’ आणि ‘गोल्डन रिंग’ यांतला फरक तर मराठी माणसाला सहज कळावा : सोन्याची अंगठी आणि सोनेरी अंगठी. जुन्या व काव्यमय भाषेत ‘गोल्डन’ सोन्याच्या वस्तूलाही लावतात. पण सराफाच्या पावतीवर ‘गोल्ड’च हवे, कारण सोनेरी दिसणारे सारे सोने नसते. लाकूड आणि लोकर यांची वाट मात्र वेगळी आहे. तेथे ‘वुडन बॉक्स’, ‘वूलन शाल’ अशी विशेषणेच रूढ आहेत.

सरावासाठी पुढील तीन इंग्रजीत लिहावे : मंदिराच्या ग्रंथालयाची किल्ली, आठ दिवसांचे शिबिर, चांदीची वाटी. प्रत्येकाच्या शेवटी किल्ली, शिबिर आणि वाटी यांचेच शब्द आले पाहिजेत. आणि दुसऱ्यात ‘डे’ एकवचनी राहिला पाहिजे.