एकसाली प्लॉटवर फेरपालट कशी करायची?
साहेब लोक म्हणतात, आदिवासी जमीन नासवतो. आम्ही विचारतो, एकसाली प्लॉटवर जमीन राखायची कशी? वरकस जमिनीत नाचणी, दुसऱ्या साली वरई, मग उडीद, ही आपली रीत. उडदाच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात. उडीद उपटू नका, कापा. मुळं-पाला जमिनीतच कुजू द्या. पण त्याचं फळ मिळणार पुढच्या सालच्या नाचणीला. तेव्हा प्लॉट आपल्याकडे असेल का? शेणखताचंही तेच, त्याचा जोर दोन-तीन सालं पुरतो. दुसऱ्यासाठी कोण टाकेल? मग माणूस युरियाच आणतो. 45 किलोच्या गोणीत नत्र 20.7 किलो, स्फुरद-पालाश काहीच नाही, आणि उतारावर मोठ्या पावसात बराचसा वाहून जातो. आधी सातबारा कायमचा आमच्या नावावर करा, मग जमीन कोण नासवतो ते बोलू!