सकाळचा गोषवारा आणि संध्याकाळची यादी

जळकोट तालुक्यातील शेतकऱ्याला बेरजेतला फरक काही नवा नाही. पण सकाळी दहाला निघालेल्या अहवालात सोयाबीनचा पेरा एक आणि त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या यादीत दुसराच, असे झाले की गावात लगेच कुजबुज सुरू होते, "भाऊसाहेबांनी आकडे फिरवले." बहुतेक वेळा आकडे कोणीही फिरवलेले नसतात. दोष संगणकातल्या गोषवाऱ्याचा असतो, आणि तो नीट समजून घेतला पाहिजे.

पूर्वी तलाठी गाव नमुना बारावर शेतवार पीक लिहीत आणि त्यावरून गावाचा गोषवारा काढीत. गोषवारा झाल्यावर बारावर खाडाखोड झाली, तर गोषवाराही सुधारावा लागे. संगणकातही हेच आहे. मूळ नोंदींचा तक्ता वेगळा आणि बेरजा करून ठेवलेला गोषवारा तक्ता वेगळा. लाखो नोंदींची बेरीज दर वेळी करायची म्हटले, तर सकाळी कचेऱ्या उघडताच यंत्रणा रखडेल. म्हणून बेरीज रात्री एकदा करून ठेवतात. यात गैर काही नाही. प्रश्न आहे तो रात्रीनंतर झालेल्या दुरुस्त्यांचा.

आणि दुरुस्त्या होणारच. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. 2022 च्या सुधारित ॲपमध्ये शेतकऱ्याला आपली नोंद 48 तासांत एकदा दुरुस्त करण्याची सोय मिळाली, आणि निदान दहा टक्के नोंदी तलाठ्याने तपासायच्या ठरल्या. म्हणजे उशिराची दुरुस्ती हा अपवाद नाही, तो रीतीचाच भाग आहे.

समजा, एका सजाचा सोयाबीनचा पेरा रात्रीच्या गोषवाऱ्यात 412.60 हेक्टर आला. सकाळी तोच आकडा वर गेला. दिवसभरात तीन दुरुस्त्या झाल्या. एकाने कालच नोंदवलेले 1.20 हेक्टर सोयाबीन बदलून तूर केले. दुसऱ्याचे कालचेच 2 हेक्टर होते, त्यातील 1.20 हेक्टर मूग निघाला. तिसऱ्याची पंधरा दिवसांपूर्वीची 1 हेक्टरची नोंद तपासणीत पड निघाली. एकूण 3.40 हेक्टर कमी झाले. संध्याकाळी कारकुनाने मूळ नोंदींवरून शेतकरीवार यादी काढली, तिची बेरीज 409.20 आली. दोन्ही कागदांवर तारीख एकच. सकाळचा आकडा आदल्या रात्रीपुरता खरा होता, संध्याकाळचा त्या घडीला खरा आहे.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. त्या रात्री गोषवारा नव्याने झाला आणि 409.20 आला, तर तो नुसता शिळा होता, बिघडलेला नव्हता. पण 410.20 आला तर गडबड मोठी आहे. त्याचा अर्थ, रात्रीचे काम फक्त मागच्या दोन दिवसांच्या पाहणी तारखा बघते आहे. पंधरा दिवसांपूर्वीची नोंद आज बदलली तरी तिची पाहणीची तारीख जुनीच राहते, म्हणून ती सुटते. तो एक हेक्टर मग महिनोन्‌महिने गोषवाऱ्यात तसाच राहतो.

याने कोणाचे नुकसान होते? सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीसारखी वेळ आली की गावाच्या बेरजेवर मागणी जाते आणि यादीवर वाटप होते. बेरीज यादीपेक्षा कमी असली, तर ज्यांची नोंद उशिरा दुरुस्त झाली त्यांच्यापर्यंत पैसा पुरत नाही. जास्त असली, तर तलाठ्याकडे खुलासा मागतात. मग कोणीतरी हाताने एक-दोन आकडे बदलून ताळमेळ बसवतो, आणि तिथे खरी खोटी नोंद जन्माला येते. हे तर मुळीच करू नये.

आमचे म्हणणे तीन गोष्टींचे आहे. प्रत्येक अहवालावर छपाईची वेळ असतेच, तिच्या शेजारी "नोंदी अमुक तारखेच्या अमुक वाजेपर्यंतच्या" असे छापावे. गोषवारा पाहणीच्या तारखेवरून न करता नोंद शेवटची कधी बदलली त्यावरून ताजा करावा. आणि हंगामाचा अंतिम आकडा वर पाठवण्याआधी दुरुस्त्या थांबवून सगळा गोषवारा मूळ नोंदींवरून पुन्हा एकदा पहिल्यापासून करावा. रद्द केलेली नोंद मागे तारीखच ठेवत नाही, तीही या शेवटच्या बेरजेतच सापडेल.

तोवर ग्रामसभेत आकडा वाचला गेला, की सरपंचांनी आणि शेतकऱ्यांनी एवढेच विचारावे, "साहेब, हा आकडा किती वाजेपर्यंतचा?" उत्तर मिळाले नाही, तर यादी मागावी आणि बेरीज तिथेच करून बघावी.