मधलं वाक्य गाळू नका

लातूर-नांदेडकडच्या शाळांत बोलायला गेले की बाई दारातच सांगतात, “पाळीचं सांगा, बाकीचं नको.” पण ‘बाकीचं’ गाळलं तर पाळी कळत नाही.

परवा दहावीतल्या एकीने विचारलं, “ताई, पाळीच आली नाही तर दिवस कसे राहतील?” मी फळ्यावर मोजून दाखवलं. स्त्रीबीज पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी बाहेर पडतं. म्हणजे बीज आधी, पाळी नंतर. म्हणून पहिल्या पाळीआधी किंवा बाळंतपणानंतर पाळी न येताही दिवस राहू शकतात.

चक्र २४ दिवसांचं असेल तर बीज दहाव्या दिवसाच्या सुमारास येतं. ते जेमतेम एक दिवस टिकतं. पण शुक्रजंतू पाच दिवसांपर्यंत जगतात. म्हणजे पाळी संपता संपता आलेल्या शरीरसंबंधातूनही गर्भ राहू शकतो. या वयात चक्र मागंपुढं होतं, पुढची पाळी कधी ते आधी कळत नाही. मग ‘सुरक्षित दिवस’ मोजायचे कुठून?

दहावीनंतर लग्नं उरकली जातात तिथे हे मुलींना कोण सांगणार? मैत्रिणींनो, ‘शरीरसंबंध’ हा शब्द वर्गातच उच्चारायला हवा.