परशुराम घाट : उन्हाळ्यातला हिशेब, पावसाळ्यातली दरड

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणासाठी चिपळूणजवळच्या परशुराम घाटात डोंगरकापणी सुरू असल्याने एप्रिल २०२२ च्या अखेरीस वाहतूक रोज काही तास थांबवण्यात आली. जुलैत दरडींमुळे घाट पुन्हा बंद झाला.

कापलेला उतार किती उभा ठेवावा, हे ‘सुरक्षा गुणांका’वरून ठरते. माती धरून ठेवणाऱ्या बलाला तिला खाली ओढणाऱ्या बलाने भागले की तो मिळतो. तो एकाखाली गेला की उतार घसरतो. कायमस्वरूपी उतारासाठी अभियंते सहसा दीडचा आग्रह धरतात.

आता ३५ अंशांच्या खडकावर मध्यम चिकट मातीचा तीन मीटर जाडीचा थर आहे असे समजू. कोरडा असताना त्याचा गुणांक साधारण १.४ येतो, पाण्याने पूर्ण भरल्यावर ०.९५. उतार तोच, माती तीच. मात्र छिद्रांतील पाणी कणांना एकमेकांपासून रेटते आणि घर्षणाचा आधार निम्म्यावर येतो. त्यात रस्त्यासाठी पायथा कापला असेल, तर खालचा टेकूही गेलेला असतो.

म्हणूनच माथ्यावरचे गटार आणि उतारात खोल घातलेल्या निचऱ्याच्या नळ्या या गणिताचाच भाग आहेत. खर्च वाचवताना नेमक्या त्याच गळतात, आणि पाण्याला वाट न ठेवलेली भिंत पायथ्याशी उभी राहते! माथ्यावर कापणीला समांतर भेग दिसली, तर उतार सरकू लागला असे समजून खालची वाहतूक तत्काळ थांबवावी.